कृष्णेच्या पुराची पीपीटी: कुठलं अ‍ॅनिमेशन ठेवू, कुठलं काढू?

कृष्णाकाठ (सांगली)

नमस्कार मंडळी. मी सांगलीत अकरावी-बारावीला भूगोल शिकवते. 'कृष्णा खोऱ्यातले पूर' या विषयावर आमच्या विभागात एक पीपीटी आहे. आधीच्या सरांनी ती कष्टानं केली होती आणि निवृत्त होताना माझ्याकडे दिली. माहिती चोख आहे, नकाशे त्यांनी स्वतः काढलेत. पण 34 स्लाइड्समध्ये न हलणारी एकही नाही. मुद्दे खालून उडत येतात, शीर्षक एकेक अक्षर करून उमटतं आणि स्लाइड बदलताना कधी पान उलटतं, कधी पडदा फाटतो.

जुलैत हा पाठ घ्यायचाय. पाऊस तेव्हा दाराशी असतो आणि मुलं या विषयाला फार लवकर जोडली जातात. आमचे एक सहकारी म्हणतात, सगळं काढून टाका. मुलं म्हणतात, मॅडम, हलत नसलं की झोप येते. मला दोन्ही पटत नाही. खालच्या चार स्लाइड्सबद्दल मत हवंय:

स्लाइड 6, पुराची कारणं, सहा मुद्दे. एका क्लिकला एक मुद्दा, `Fly In`.

स्लाइड 11, नकाशा. कृष्णा, कोयना, वारणा या निळ्या रेघा `Wipe` ने उमटतात.

स्लाइड 17, आयर्विन पुलाची पाणीपातळी. निळा स्तंभ `Grow/Shrink` ने मोठा होतो.

स्लाइड 23, 2019 च्या पुराचे फोटो. प्रत्येक फोटो `Bounce` करत येतो.

---

शास्त्रशुद्ध (पुणे, मूळ मिरज)

सहकाऱ्यांचं बरोबर आहे. रिचर्ड मेयर यांचं मल्टिमीडियाबद्दलचं संशोधन शिक्षकांनी जरूर वाचावं. विषयाशी संबंध नसलेली प्रत्येक गोष्ट शिकणाऱ्याच्या डोक्यावरचा भार वाढवते. हालचाल दिसली की नजर तिकडे जाणारच, ते कुणाच्या हातात नसतं. म्हणून सगळं अ‍ॅनिमेशन काढा. `Set Up Slide Show` मध्ये `Show without animation` वर टिक केली की एका फटक्यात काम होतं, फाइलला हातही लावावा लागत नाही.

---

अजिंक्यतारा (सातारा)

शास्त्रशुद्ध, तुमचं पहिलं वाक्य बरोबर आहे, त्यावरून काढलेला निष्कर्ष नाही. असंबद्ध ते काढा, असं मेयर म्हणतातच. पण गुंतागुंतीची प्रक्रिया तुकड्यातुकड्यानं द्या आणि महत्त्वाच्या जागेकडे बोट दाखवा, हेही तेच म्हणतात. ही दोन्ही कामं पडद्यावर अ‍ॅनिमेशनच करतं. शिवाय ती टिक केलीत तर स्लाइड 11 वर तिन्ही नद्या, सगळे बाण, सगळी नावं एकदम दिसतील. भार उलट वाढेल.

ताई, मी शिक्षकांच्या पीपीटी तपासून देतो. एक रीत सांगतो. स्लाइड्सचा छापील कागद घ्या आणि प्रत्येक क्लिकसमोर त्या क्षणी तुम्ही वर्गात बोलणार ते वाक्य लिहा. वाक्य सुचलं तर क्लिक ठेवा. 'पुढचा मुद्दा' एवढंच सुचलं तर ती काढा. नंतर दुसरा प्रश्न विचारा: जे हलतंय ते खऱ्या जगातही हलतं का, आणि त्याच दिशेनं?

हा दुसरा प्रश्न तुमच्या स्लाइड 11 ला लागू होतो. `Wipe` ची दिशा आपण बदलली नाही तर ती `From Bottom` असते. उत्तर वर ठेवलेल्या नकाशावर कृष्णा महाबळेश्वरहून वाई, सातारा, कराड करत खाली सांगलीकडे येते. रेघ खालून उमटत असेल तर तुमच्या वर्गात कृष्णा सांगलीहून महाबळेश्वरला चढतेय. एकदा चालवून बघा आणि सांगा.

---

कृष्णाकाठ

आत्ताच बघितलं. तिन्ही नद्या खालून वर जातात. इतकी वर्षं ही स्लाइड वर्गात चालतेय आणि कुणाच्या लक्षात आलेलं नाही.

---

अजिंक्यतारा

लक्षात येत नाही, कारण अर्ध्या सेकंदात संपतं. `Wipe` चा मूळ वेळ 0.5 सेकंद असतो. बार्बरा ट्वेर्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2002 मध्ये अ‍ॅनिमेशनच्या प्रयोगांचा आढावा घेतला होता. त्यातल्या दोन अटी मला रोज कामाला येतात: हालचाल विषयाशी जुळणारी हवी आणि ती डोळ्याला पकडता येईल इतकी सावकाश हवी. तुमच्या नकाशात दोन्ही मोडल्यात, पण दुरुस्ती सोपी आहे.

`Animation Pane` उघडा. कृष्णेची रेघ: `Effect Options` मध्ये `From Top`, `Duration` 3 सेकंद. वारणा पश्चिमेकडून येऊन हरिपूरला कृष्णेला मिळते, तिला `From Left`. कोयनेची गंमत वेगळी आहे. ती महाबळेश्वरहून सरळ दक्षिणेला येते आणि हेळवाकपाशी पूर्वेला वळते. अख्ख्या रेघेला `From Top` दिलंत तर उभा भाग नीट उमटेल, पण आडवा भाग शेवटी एकदम येईल, कारण तो सगळा जवळपास एकाच उंचीवर आहे. म्हणून रेघेचे दोन तुकडे करा. उभ्याला `From Top`, 2 सेकंद. आडव्याला `From Left`, 1 सेकंद, `With Previous`, `Delay` 2. मग कृष्णा आणि कोयना दोघी एकाच वेळी कराडला पोचतील.

कराडच्या पुढचा तुकडा मात्र `On Click` ठेवा. तो आपोआप सुरू झाला तर प्रीतिसंगमावर थांबून बोलायला तुम्हाला जागाच राहणार नाही.

---

हरिपूरचा पार (सांगली)

हे सगळं ठीक आहे, पण त्या पीपीटीत अलमट्टी आहे की नाही? पूर म्हणलं की आधी अलमट्टीच्या फुगवट्यावर बोला. आमच्या घरात पाणी येतं ते काय अ‍ॅनिमेशननं जाणार आहे का? धरणाची उंची 524 मीटरवर न्यायचं चाललंय, ते पोरांना सांगा.

---

कृष्णाकाठ

काका, अलमट्टीवर वेगळा तास घेते, त्यात दोन्ही बाजूंचे अहवाल मुलांपुढे ठेवते. या धाग्यात फक्त स्लाइड्सच्या हालचालीबद्दल विचारलंय.

---

पाटबंधारे_निवृत्त (कराड)

मॅडम, मला पीपीटीतलं कळत नाही, पण अजिंक्यतारा यांनी कोयनेची जी रेघ सांगितली ती पुराच्या धड्यात तशी चालणार नाही.

महाबळेश्वरकडून हेळवाकपर्यंतचा जो उभा पट्टा तुम्ही वाहता दाखवणार, त्याचा मोठा भाग म्हणजे शिवसागर जलाशय. तिथं पाणी वाहत नाही, साठतं. पुराचं पाणी वाहायला लागतं ते कोयनानगरला धरणाच्या दारातून, आणि तिथून पाटणवरून पूर्वेला कराडला येतं. उभी आणि आडवी रेघ एका दमात पळवलीत तर पोरांना वाटणार की महाबळेश्वरला पडलेला पाऊस थेट कराडात आला. मध्ये 105 टीएमसीचं धरण आहे, ते चित्रातून पुसलं जातं. पूर येणार की टळणार हे बरंचसं तिथंच ठरतं.

दुसरं, वीजनिर्मितीचं बरंचसं पाणी पश्चिमेला, कोकणात जातं. पायथा वीजगृहातून नदीत येतं ते 2100 क्युसेक. दारं उचलली की मग आकडा हजारांत जातो. नुसता एक जाड निळा बाण पूर्वेला दाखवून हे कळत नाही.

---

अजिंक्यतारा

साहेब, फार मोलाचं सांगितलंत. माझी जुळणी दिशेपुरती बरोबर होती, प्रक्रियेला धरून नव्हती. ताई, आता असं करा.

पहिली क्लिक: शिवसागर भरतो. इथं रेघ नको, जलाशयाचा आकार हवा, फिका असेल तो `Fade` ने गडद होऊ दे. वाक्य: 'पाऊस पडतोय, धरण पाणी धरून ठेवतंय.' दुसरी क्लिक: पायथा वीजगृहाचं पाणी, कोयनानगरहून कराडकडे बारीक रेघ, `From Left`. तिसरी क्लिक: दारं उघडली, त्याच वाटेवर जाड रेघ, आणि तिच्यासोबत `With Previous` वर कृष्णेची रेघ `From Top`. चौथी क्लिक: कराडपासून सांगली. पाचवी: वारणा.

पश्चिमेला जाणारं पाणी दाखवायचं असेल तर तुटक रेघ, `From Right`. पण ती आधीच्या स्लाइडवर घ्या, एका चित्रात सगळं नको.

पाच क्लिक आणि पाच वाक्यं. यातली एक काढली तरी गोष्ट तुटते.

---

कराडकर मास्तर (कराड)

माझा अनुभव सांगतो बघा. मी दहावीच्या गणिताचा क्लास घेतो. गणित सोडवताना एकेक पायरी क्लिकवर आणतो. पोरगं मध्येच म्हणतं, सर, मागची पायरी. मागं जायला बटण दाबलं की एकेक क्लिक उलटी होत जाते. दहा पायऱ्या मागं जायचं तर दहा वेळा दाबा, तोवर वर्ग हातातनं जातो. ह्याला उपाय काय? मॅडमच्या नकाशालाही हे आडवं येणारच.

---

अजिंक्यतारा

मास्तर, दुसऱ्या स्लाइडवर जायचं असेल तर चालू शोमध्ये स्लाइडचा नंबर टाइप करून `Enter` दाबा, थेट तिथं जाता. फक्त ती स्लाइड पहिल्यापासून सुरू होते, सगळं लपलेलं असतं. त्यामुळे गणितासाठी मी वेगळं सुचवेन: चार पायऱ्या झाल्या की स्लाइड संपवा आणि पुढच्या स्लाइडवर त्या चार पायऱ्या आधीच दिसत ठेवा. मागं जायचं अंतर आपोआप कमी होतं.

---

मागचा बेंच (विटा)

मी कॉलेज संपवून दोन वर्षं झाली. विद्यार्थ्यांच्या बाजूनं बोलू का?

स्लाइड 6 सारख्या स्लाइडचा आम्हाला फार त्रास व्हायचा. सर एक मुद्दा दाखवणार, त्यावर बोलणार, मग पुढचा. आम्ही वही काढून मुद्दे उतरवत बसायचो. किती मुद्दे आहेत हेच माहीत नसायचं, मग पानावर जागा किती सोडायची? सगळं लक्ष पुढचं कधी येतंय याकडे. सर काय बोलले ते डोक्यात जायचंच नाही. सहाही मुद्दे आधी दाखवले असते तर एकदा बघून घेतलं असतं आणि मग ऐकलं असतं.

आणि पीडीएफ! ग्रुपवर पीडीएफ यायची, त्यात एकावर एक तीन चौकटी छापलेल्या असायच्या. परीक्षेच्या आदल्या रात्री काही वाचता यायचं नाही.

---

शास्त्रशुद्ध

पण सगळे मुद्दे आधी दाखवले तर मुलं पुढचं वाचत बसतात आणि शिक्षक पहिल्या मुद्द्यावर असतो. वाचणं आणि ऐकणं एकाच वेळी होत नाही. इथं तर मी एकेक मुद्द्याच्या बाजूनं आहे.

---

अजिंक्यतारा

दोघांचंही खरं आहे, आणि खरं सांगायचं तर हा वाद माझ्याही मनात मिटलेला नाही. मी स्वतः बघतो ते असं: पुढचा मुद्दा आधी दिसला तर काही बिघडतं का? प्रश्न विचारून उत्तर मागून दाखवायचं असेल, तर लपवणं गरजेचं. पुराची सहा कारणं आधी दिसली तर कुठलं रहस्य फुटतं? तिथं सगळी दाखवा, आणि ज्याच्यावर बोलताय तेवढं गडद ठेवून बाकीची फिकी करा. `Effect Options` मध्ये `After animation` आहे, तिथं राखाडी रंग निवडला की बोलून झालेला मुद्दा आपोआप फिका होतो. मात्र पुढचेही मुद्दे आधीपासून फिके हवे असतील तर त्याच स्लाइडच्या प्रती काढून रंग हातानं बदलणं सोपं पडतं.

आणि एकेक आणायचेच असतील तर `Fly In` नको, `Appear` ठेवा. पूर खालून उडत येत नाही आणि जंगलतोडही उडत येत नाही.

पीडीएफबद्दल: पीडीएफमध्ये अ‍ॅनिमेशन नसतं, स्लाइडवर जे जे आहे ते सगळं एकदम छापलं जातं, `Exit` देऊन घालवलेलंसुद्धा. त्यामुळे एका चौकटीवर दुसरी आणून बसवायची सवय मोडा. जिथं एक जाऊन दुसरं येतं तिथं दोन स्लाइड्स करा. वर्गात फरक कळत नाही, पीडीएफ स्वच्छ निघते.

---

कराडकर मास्तर

स्लाइडच्या प्रती काढायला माझा विरोध आहे. एका ठिकाणी शुद्धलेखन चुकलं की पाच प्रतींत जाऊन दुरुस्त करा, आणि एखादी राहूनच जाते. मी एकच स्लाइड ठेवतो आणि पोरांना फळ्याचा फोटो काढू देतो.

---

कृष्णाकाठ

मास्तर, तुमची अडचण खरी आहे. मी मजकूर पक्का झाल्यावरच प्रती काढेन म्हणते.

स्लाइड 17 बद्दल कुणी बोललं नाही. त्यातला स्तंभ मोठा होताना मला काहीतरी खटकतं, पण नेमकं सांगता येत नाही.

---

अजिंक्यतारा

`Grow/Shrink` आकाराला मध्यापासून ताणतं. म्हणजे पाणी वर चढतं तेवढंच खालीही उतरतं, नदीच्या तळाच्या खाली. रुंदीही वाढत असेल, तर `Effect Options` मध्ये दिशा बदललेली नाही. इथं `Wipe` आणि `From Bottom` हेच योग्य. जी दिशा नकाशावर चूक होती ती इथं खरी आहे, कारण पाणी पुलाच्या खांबावर खालूनच चढतं.

स्तंभ एकदम 57 फुटांपर्यंत पळवू नका. तुकडे करा: 40 फूट इशारा पातळी, 45 फूट धोका पातळी, आणि 2019 ची पातळी, जी 57 च्या पुढे गेली होती. प्रत्येक तुकडा क्लिकवर. 40 ला थांबून विचारा की आता सांगलीत कुठं पाणी आलंय. तुमच्या वर्गातली मुलं सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगर, कर्नाळ रोड अशी नावं घेतील. मग 45. इथली हालचाल प्रश्न विचारायला जागा करून देते, म्हणून ती ठेवायची.

मोजपट्टी शून्यापासून सुरू होते का तेही बघा. 35 पासून सुरू केली असेल तर 40 ते 45 ची उडी भलतीच मोठी दिसेल.

---

पाटबंधारे_निवृत्त

पातळी चढण्याचा वेग सगळीकडे सारखा नसतो, हेही बोलताना सांगा. पाणी पात्राबाहेर पडून शेतात पसरायला लागलं की फूट-फूट चढायला वेळ लागतो. तिन्ही तुकडे सारख्याच वेगानं चढवलेत तर पोरांना खोटं चित्र मिळेल.

---

मागचा बेंच

स्लाइड 23 वर माझं मत आहे. मी विट्याचा, पण माझं आजोळ पलूस तालुक्यात. ऑगस्ट 2019 ला ब्रह्मनाळला बोट उलटली. ते फोटो त्या स्लाइडवर असतील तर कृपा करून ते `Bounce` काढा. उड्या मारत येणारा तो फोटो मला बघवणार नाही, आणि वर्गात माझ्यासारखं कुणीतरी नक्की असेल.

---

कृष्णाकाठ

आहे तो फोटो. आत्ताच सगळी हालचाल काढली. एका स्लाइडवर एकच फोटो, स्थिर, खाली गाव आणि तारीख. दाखवायच्या आधी वर्गाला सांगेन, ज्यांना बघायचं नाही त्यांनी बघू नये.

---

शास्त्रशुद्ध

राहता राहिले ट्रान्झिशन. ताई, `Morph` वापरा. महाराष्ट्राच्या नकाशावरून सांगलीवर झूम होतं, फार सुंदर दिसतं, आणि आता सगळीकडे चालतं.

---

अजिंक्यतारा

सगळीकडे नाही. `Morph` पॉवरपॉइंट 2019 पासून आणि मायक्रोसॉफ्ट 365 मध्ये आहे. 2016 च्या आधीच्या आवृत्तीत उघडलं तर साधं `Fade` दिसतं. वर्गातल्या कॉम्प्युटरवर कुठली आवृत्ती आहे ते आधी बघा. चालत असेल तर खोऱ्याच्या नकाशावरून सांगली शहरावर जाताना ते सार्थ आहे, कारण जागा तीच राहते आणि आपण जवळ जातो. बाकी 33 स्लाइड्सना ट्रान्झिशन `None`. फार तर नवा भाग सुरू होतो तिथं साधं `Fade`, मुलांना कळावं की विषय बदलला.

आणखी एक तपासा. `Slide Sorter` मध्ये लहान चित्रांखाली सेकंदांचे आकडे दिसतात का? दिसत असतील तर सरांनी कधीतरी `Rehearse Timings` वापरलं असेल आणि ते वेळ फाइलमध्ये राहिलेत. मग तुम्ही बोलत असताना स्लाइड आपोआप पुढे पळेल. सगळ्या स्लाइड्स निवडून `Transitions` मध्ये `After` वरची टिक काढा, `On Mouse Click` ची राहू द्या.

---

कृष्णाकाठ

आकडे होते, सात स्लाइड्सखाली. काढले. वर्गात 2013 ची आवृत्ती आहे, म्हणून `Morph` सोडून दिलं, खोऱ्याचा नकाशा आणि शहराचा नकाशा अशा दोन स्लाइड्स केल्या.

काल अकरावीच्या एका तुकडीला फक्त नकाशाची स्लाइड दाखवून बघितली. शिवसागर गडद झाला तेव्हा एका मुलीनं विचारलं, 'मॅडम, अजून किती मावेल?' हा प्रश्न या स्लाइडवर मला पहिल्यांदाच ऐकू आला. पण चौथ्या क्लिकला एका मुलानं विचारलं, कोयनेतून सोडलेलं पाणी इतक्या लवकर सांगलीला येतं? त्याला तीन सेकंदांची रेघ दिसली होती. तास-तास लागतात हे तोंडी सांगितलं, पण डोळ्यांनी बघितलेलं जास्त टिकतं. ते स्लाइडवर कसं दाखवू?

---

अजिंक्यतारा

रेघ कितीही सावकाश केली तरी तासांचा अंदाज सेकंदांतून येणार नाही, आणि वर्ग दहा सेकंदांच्या रेघेकडे बघत बसणार नाही. कराड आणि सांगलीजवळ घड्याळाची एकेक चौकट ठेवा आणि रेघ तिथं पोचली की `After Previous` वर वेळ उमटू द्या. वेळ एखाद्या खऱ्या दिवसाची हवी.

---

पाटबंधारे_निवृत्त

घड्याळ चालेल, पण वेळ एकच ठरलेली नसते. नदी आधीच भरलेली असली तर वेगळी, पात्र मोकळं असलं तर वेगळी. एका दिवसाचे आकडे टाकून तोच नियम म्हणून दाखवू नका. त्या दिवशीचा विसर्ग शेजारी लिहा, आणि जमलं तर दोन वेगळ्या दिवसांची घड्याळं दाखवा.

---

कृष्णाकाठ

दोन दिवसांची घड्याळं म्हणजे परत दोन स्लाइड्स आणि मास्तरांची तीच अडचण. तरी करून बघते. पाटबंधारे साहेब, कुठले दोन दिवस घेतले तर फरक ठळक दिसेल?